एका पानावर औद्योगिकीकरण

प्रश्न : औद्योगिकीकरणाच्या प्रकरणाचा माइंड मॅप काढला, पण पान गच्च भरलं आणि लक्षात काहीच राहत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक तुम्ही ‘शोध’ या फांदीवर सगळी यंत्रं एकाखाली एक लिहिली असणार. ती यादी झाली. परीक्षेत विचारतात ते कारण, म्हणून यंत्रं बाणांनी जोडा. पान आडवं धरा, मध्ये ‘ब्रिटनचं सुती कापड’ लिहा. पहिला बाण : धावता धोटा, १७३३. विणकाम वेगात होऊ लागलं, म्हणून बाणावर लिहा, ‘सूत कमी पडलं’. तो बाण जातो स्पिनिंग जेनी आणि १७६९च्या वॉटर फ्रेमकडे. आता सूत उदंड, विणकर अपुरे. पुढे १७८५चा यंत्रमाग. वॉटर फ्रेम पाण्यावर चालायची, म्हणून तिथून ‘नदीकाठी कारखाने’ अशी फांदी फुटते. वाफेचं इंजिन आल्यावर कारखाने शहरात आले. मजुरांची वस्ती, बालमजुरी हे मुद्दे तिथेच जोडा.

बाणावर तीनच शब्द, पूर्ण वाक्य नको. मग पान उलटं ठेवून फक्त बाणांवरचे शब्द आठवून लिहा. जो बाण आठवणार नाही, तेवढाच भाग पुस्तकातून पुन्हा वाचा.