फवारणीने माशी थांबत नाही

माश्यांची तक्रार घेऊन गेलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘फवारणी करून घेतो.’ दोन-तीन दिवस माश्या कमी होतात, तक्रार करणारा गप्प बसतो आणि पुढच्या आठवड्यात सगळं पूर्ववत. मग दुसरं उत्तर येतं, ‘पावसाळ्यात माश्या असायच्याच.’ मला पहिल्यापेक्षा या दुसऱ्या उत्तराचा राग जास्त येतो. पावसाळा माशीला ऊब आणि ओल देतो, पण माशी पावसातून पडत नाही. ती कुठल्यातरी ओल्या ढिगात जन्मते आणि तो ढीग कुणाच्यातरी मालकीचा असतो. गोठ्यामागचा उकिरडा, पोल्ट्रीच्या पिंजऱ्यांखालची विष्ठा, मंगल कार्यालयाच्या मागे टाकलेलं खरकटं, आठ-आठ दिवस न उचललेला ओला कचरा. फवारणी ढीगवाल्याला सोयीची असते, कारण औषध तक्रार करणाऱ्याच्या घरात मारलं जातं आणि ढीग जागच्या जागी राहतो.

‘माशीने कुणी मरत नाही’ असंही सुनावलं जातं, म्हणून आधी तेवढ्याचा हिशेब करू. घरमाशीला चावता येत नाही, तिला फक्त पातळ अन्न ओढून घेता येतं. साखरेच्या कणावर किंवा भाताच्या शितावर बसली की ती पोटातला द्रव त्यावर ओकते, कण विरघळला की तो शोषते आणि बसल्या जागी विष्ठाही टाकते. तिच्या पायांना बारीक केस आणि चिकट गाद्या असतात, त्यांनाही आधीच्या बैठकीची घाण लागलेली असते. ही आधीची बैठक उघड्यावरच्या शौचाची असेल, तर जंतूंची वाहतूक थेट ताटापर्यंत होते. आव पाडणाऱ्या शिगेला जंतूंची गोष्ट यात सगळ्यात वाईट. पुष्कळशा जंतूंना आजारी पाडण्यासाठी अन्नात वाढून संख्येने मोठं व्हावं लागतं. शिगेलाला तेवढा वेळ लागत नाही, दहा ते शंभर जंतूही पुरतात. म्हणजे ‘आत्ताच चिरलेली काकडी आहे’ ही खात्री कामाची नाही, चिरल्यावर ती उघडी होती की झाकलेली हे महत्त्वाचं.

यावर जाणकार माणसं एक रास्त आक्षेप घेतात: जुलाब दूषित पाण्याने आणि न धुतलेल्या हातांनीही होतात, मग दोष माशीचाच कशावरून? याची तपासणी झालेली आहे. इस्रायलच्या लष्करी छावण्यांमध्ये आमिषाचे सापळे लावून माश्या सुमारे ६४ टक्क्यांनी कमी केल्या, तेव्हा शिगेलाच्या आजारासाठी दवाखान्यात येणं ८५ टक्क्यांनी आणि एकूण जुलाबांसाठी येणं ४२ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात पाकिस्तानातल्या खेड्यांचा अभ्यास आला. तिथे फवारणीने माश्या जवळजवळ संपवल्यावर लहान मुलांचे जुलाब सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही आकडे शंभर नाहीत, आणि ते तसे नाहीत म्हणूनच मला विश्वासार्ह वाटतात. पाणी आणि हात यांचा वाटा उरतोच. पण चार-पाच जुलाबांपैकी एक टळत असेल तर ‘माश्या काय, असतातच’ हे बोलणं लहान मुलांच्या घरासमोर करू नये.

पाकिस्तानात फवारणीनेच फरक पडला, मग फवारणीला नावं का ठेवायची, असं कुणी विचारील. ती फवारणी सतत आणि देखरेखीखाली चालली होती. आपल्याकडे ती तक्रारीपुरती होते. शिवाय माशी औषधाला फार लवकर सरावते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी सर्रास वापरात आलं आणि दोन-तीन वर्षांतच त्याला न जुमानणाऱ्या माश्या युरोपात दिसू लागल्या. आणि मुख्य म्हणजे हवेत मारलेलं औषध उडणाऱ्या माशीला लागतं, ढिगातल्या अळीला नाही. विषारी औषध ढिगावरच ओतलं तर अंडी-अळ्या खाणारे बारीक भुंगेरे आणि कोळीकिडे आधी मरतात आणि पुढची पिढी निर्धास्त वाढते.

खरी मेख वेळापत्रकात आहे. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत सोमवारी शेणाचा ताजा, ओला थर पडला तर त्यात माशी त्याच दिवशी अंडी घालते, एका वेळी साधारण शंभर. मंगळवारपर्यंत अळ्या बाहेर येतात. शनिवार-रविवारपर्यंत त्या पूर्ण वाढतात आणि ओला भाग सोडून ढिगाच्या कडेच्या कोरड्या मातीत शिरतात. तिथे त्यांचा तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा कोष होतो आणि पुढच्या बुधवार-गुरुवारी माशी उडते. आता दर पंधरवड्याला ट्रॅक्टर लावून ढीग उचलणाऱ्याचं काय चुकतं ते दिसेल. त्याने शेण नेलं, पण कोष कडेच्या मातीत तसेच राहिले. ‘आम्ही स्वच्छता ठेवतो’ हे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि माश्याही तितक्याच प्रामाणिकपणे येतात. ढीग आठवड्यातून दोनदा, म्हणजे तीन-चार दिवसांच्या अंतराने हलला, तर अळी ढिगातच सापडते. ओळखायची रीत सोपी आहे: वरचा चार बोटं थर काठीने उकरा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेळ अजून हातात आहे. कडेच्या मातीत तपकिरी कोष सापडले तर उशीर झाला, आता ती मातीसुद्धा उचलायला हवी.

उचललेलं शेण दुसरीकडे तसंच ओलं रचलं तर माश्यांचा फक्त पत्ता बदलतो. उन्हाच्या दिवसांत ते दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं पसरलं की वाळतं आणि वाळलेल्या शेणात अळी वाढत नाही. पावसात हे जमत नाही. तेव्हा ढीग नीट रचून जाड प्लॅस्टिकने झाकावा आणि कडा मातीत दाबून टाकाव्यात. आतून कुजताना ढीग इतका तापतो की पोटात अळी जगत नाही, ती थंड राहिलेल्या बाहेरच्या थरात असते. म्हणून झाकलेला ढीगही अधूनमधून उलटवून बाहेरचं आत ढकलावं लागतं. कडा उघड्या राहिल्या तर झाकण नसल्यातच जमा. घरातला ओला कचरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून रोज बाहेर काढा, अन्न झाका, हात धुवा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहितो. उरलेलं वरण खळखळून उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात. चटणी, कोशिंबीर, चिरलेली फळं आणि ताक मात्र कुणी उकळत नाही, त्यामुळे घरात एकच जाळी असेल तर ती आधी यांच्यावर जाऊ दे.

पोल्ट्रीवाल्यांशी बोलताना फवारणीची तारीख विचारण्यापेक्षा पाण्याच्या नळ्यांबद्दल विचारा. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची विष्ठा खाली साचते. ती कोरडी पडत गेली तर त्रास कमी असतो, पण एखादं निपल गळत असेल तर त्याच्याखालचा पट्टा कायम चिखल राहतो आणि अळ्यांची दाटी नेमकी तिथे सापडते. ‘दुरुस्तीला खर्च येतो’ असं उत्तर आलं तर त्यांना तो ओला पट्टा उकरून दाखवायला सांगा, आणि विष्ठा काढताना तळाचा जुना, कोरडा थर थोडा शिल्लक ठेवायलाही सांगा. अंडी-अळ्यांवर जगणारे ते भुंगेरे त्याच थरात असतात.