ईमेलमधला एक आकडा राहिला, फोलिओ कुणाचा?

प्रश्न : मी शिरूरचा. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या तीन वेगवेगळ्या म्युच्युअल फंडांत एसआयपी आहेत. तिन्हींचे फॉर्म ओळखीच्या एजंटाने कागदावर भरून घेतले होते. हप्ते दर महिन्याला बँकेतून वेळेवर जातात. दोन फंडांचे मेल येतात, तिसऱ्याचा मात्र आजवर एकही आला नाही. परवा एजंटाकडची फॉर्मची झेरॉक्स पाहिली. माझ्या ईमेलमध्ये आडनावानंतर ८७ आहे, फॉर्मवर नुसता ८ पडला आहे. म्हणजे माझे मेल दुसऱ्याच कुणाला जात असतील. तो माणूस पैसे काढू शकेल का? आणि हा फोलिओ माझ्याकडे कसा आणू?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : फोलिओ आजही तुमचाच आहे. फंडात मालक कोण हे पॅन, केवायसी आणि सहीवरून ठरते. ईमेल हा पत्रव्यवहाराचा पत्ता, त्याने मालकी बदलत नाही. युनिट विकले तरी पैसे फोलिओत नोंदलेल्या बँक खात्यातच जमा होतात, आणि ते खाते बदलायला नव्या खात्याचा पुरावा द्यावा लागतो. नुसते मेल हाती आले म्हणून कुणाला तुमचे पैसे आपल्या खात्यात वळवता येत नाहीत.

तरीही हे असेच राहू देऊ नका. स्टेटमेंटच्या पीडीएफला सहसा पॅनचा पासवर्ड असतो, त्यामुळे ती त्याला उघडणार नाही. पण व्यवहाराची माहिती देणाऱ्या मेलच्या मजकुरात तुमचे नाव, योजनेचे नाव, कधी रक्कमही दिसते. एवढे हाती असलेला माणूस फंडाचा कर्मचारी असल्याचे सांगून फोन करू शकतो, आणि माहिती खरी निघाल्याने ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. शिवाय ऑनलाइन व्यवहाराचा ओटीपी मोबाईलबरोबर नोंदलेल्या ईमेलवरही जाऊ शकतो. त्यामुळे त्या तिसऱ्या फंडाच्या नावाने फोन आला आणि पॅन किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा आणि फंडाच्या स्टेटमेंटवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा.

चूक इतके दिवस लपली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. पत्ता अस्तित्वातच नसेल, तर मेल पाठवणाऱ्याकडे परत येतो आणि कुणाच्या तरी लक्षात येते. केवायसीची नोंद ठेवणाऱ्या संस्था, म्हणजे केआरए, गुंतवणूकदाराचा ईमेल आणि मोबाईल पडताळतात. पडताळणी झाली नाही तर केवायसी ‘ऑन होल्ड’ पडू शकते. तेव्हा गुंतवणूकदाराची धावपळ होते, पण निदान चूक तरी कळते. तुमच्या बाबतीत ८ वर संपणारा पत्ता बहुधा कुणाचा तरी चालू पत्ता असावा. मेल पोहोचतो, परत येत नाही, फंडाच्या दृष्टीने सगळे सुरळीत असते. भरीस भर म्हणजे ईमेल नोंदलेला असला की फंड कागदी स्टेटमेंट सहसा पाठवत नाही. तुम्ही ईमेलचा रकाना कोराच ठेवला असता तर निदान पोस्टाने काहीतरी घरी आले असते.

आता कामाला लागू. आधी चूक नेमकी कुठे कुठे आहे ते शोधा, कारण ईमेल एकाच ठिकाणी नोंदलेला नसतो. प्रत्येक फोलिओत तो वेगळा असतो, केआरएकडे वेगळा आणि बँकेत वेगळा. फोलिओंची तपासणी घरबसल्या होते. कॅम्स किंवा केफिनटेक या रजिस्ट्रारच्या वेबसाइटवर जाऊन तुमच्या बरोबर ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट मागवा. हे स्टेटमेंट त्या ईमेलशी जोडलेल्या फोलिओंचेच बनते. तीन एसआयपी असताना दोनच फोलिओ आले, तर न आलेल्या फोलिओत पत्ता चुकलेला आहे. कुणाचीही झेरॉक्स न बघता चूक पकडायची ही चांगली युक्ती आहे, आणि ज्यांना आपल्या फोलिओंची संख्या नक्की आठवत नाही त्यांनी बँकेच्या पासबुकातल्या एसआयपीच्या कपातींशी ती ताडून पाहावी.

त्यानंतर mfcentral.com वर जा. सेबीच्या जुलै २०२१च्या परिपत्रकानंतर कॅम्स आणि केफिनटेक यांनी मिळून हे व्यासपीठ उभे केले. इथे शोध पॅनवरून होतो, म्हणून चुकीच्या ईमेलचा फोलिओही दिसायला हवा. खाते उघडताना ओटीपीसाठी मोबाईलचा पर्याय निवडा. तुमचा मोबाईल फोलिओत बरोबर नोंदलेला असेल तर इथेच सगळे काम होते. सेवा विनंत्यांमध्ये ईमेल बदलण्याची सोय आहे. फोलिओ निवडा, नवा पत्ता अक्षर अक्षर वाचत टाका आणि विनंतीचा क्रमांक लिहून ठेवा. पत्ता कुणाचा, असेही विचारले जाते : स्वतःचा, जोडीदाराचा, की आई-वडील, मुले वगैरेंचा. एजंटाचा पत्ता ‘स्वतःचा’ म्हणून कधीही टाकू नका. आपल्याकडे फॉर्मवर एजंटाने स्वतःचाच ईमेल लिहिल्याची उदाहरणे काही कमी नाहीत, आणि परिणाम तोच, तुमचे मेल दुसऱ्याच्या पेटीत.

मोबाईलही जुना असेल, सिम बंद झाले असेल, तर ऑनलाइन मार्ग अडतो आणि कागदाकडे वळावे लागते. फंडाचा किंवा रजिस्ट्रारचा संपर्क बदलण्याचा फॉर्म भरून मोबाईल आणि ईमेल दोन्ही एकदमच बदला. सोबत पॅनची स्वतः सही केलेली प्रत लावा. दोन्ही रजिस्ट्रारची सेवाकेंद्रे पुण्यात आहेत. वाघोलीची कोंडी पार करून जायचेच आहे, तर एका फेरीत काम व्हावे म्हणून एक गोष्ट आधी तपासा : सही. ती मूळ फॉर्मवरच्या सहीशी जुळवली जाते. अनेक वर्षांत सही बदलली असेल तर अर्ज परत येतो. अशा वेळी शिरूरमधल्या तुमच्या बँकेच्या शाखेतून सही प्रमाणित करून घ्यावी लागते, म्हणून त्याचा नमुना फंडाकडून आधीच मागवून घ्या. काउंटरवर अर्ज दिल्यावर तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

फोलिओ दुरुस्त झाला की केआरए पाहा. कोणत्याही केआरएच्या वेबसाइटवर पॅन टाकून केवायसीची स्थिती बघता येते. तिथेही चुकीचा ईमेल गेला असेल तर फंडामार्फत किंवा रजिस्ट्रारमार्फत केवायसीतील बदलाचा फॉर्म द्या. हे राहून गेले, तर पुढचा नवा फोलिओ उघडताना जुनीच चूक पुन्हा उतरू शकते.

तोवर मधल्या काळासाठी एक उपाय करून पाहता येईल. ८ वर संपणारा तो पत्ता जीमेलचा असेल, तर नवे खाते उघडताना तेच नाव टाकून बघा. नाव मोकळे निघाले तर तो पत्ता कुणाचाच नाही. तुम्ही तो स्वतःच्या नावावर घेऊ शकता आणि पुढचे मेल तुम्हालाच येतील. नाव घेतलेले आहे असे आले, तर मात्र तो पत्ता कुणाचा तरी आहे, किंवा पूर्वी कुणाचा तरी होता, कारण बंद केलेल्या जीमेल खात्याचे नाव गुगल पुन्हा कुणाला देत नाही. त्या अनोळखी पत्त्यावर पॅन, फोलिओ क्रमांक असे काही लिहून पाठवू नका.

फंडाने विनंतीवर काहीच केले नाही, तर आधी फंडाच्या गुंतवणूकदार संपर्क अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. नंतर सेबीच्या scores.sebi.gov.in वर. तिथे आलेल्या तक्रारीवर संस्थेने २१ दिवसांत कारवाईचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागता येतो. तुमची शिक्क्याची पोच किंवा विनंतीचा क्रमांक इथे लागेल.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त, दौंडला राहतो. माझ्याच नाव-आडनावाच्या कुणा दुसऱ्याची खरेदीची बिले, मुलाच्या शाळेच्या फीचे मेल माझ्या जीमेलवर येतात. त्याच्या पत्त्यात नावानंतर टिंब आहे, माझ्यात नाही. आता एका ॲपचा पासवर्ड बदलण्याचा मेलही आला. त्या लिंकवरून आत शिरून माझा ईमेल काढून टाकला तर चालेल का?
– एक वाचक, दौंड

उत्तर : नाही, आत शिरू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण खाते तुमचे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणक-व्यवस्थेत प्रवेश करणेच नुकसानभरपाईच्या जबाबदारीला पुरते. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ लागते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. उद्या त्या खात्यातून काही खरेदी झाली, तर पासवर्ड शेवटी कुणी बदलला या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

टिंबाचे म्हणाल, तर जीमेलमध्ये @gmail.com च्या आधीच्या टिंबांना अर्थ नसतो. टिंब असलेला आणि नसलेला पत्ता एकच, आणि तो तुमचाच. कुणी तुमच्या पेटीत घुसलेले नाही. त्या गृहस्थाचा खरा पत्ता काहीतरी वेगळा असणार, बहुधा एखादा आकडा जास्त, आणि खाते उघडताना तो राहून गेला.

मेलच्या तळाशी ‘हे खाते मी उघडले नाही’ अशा अर्थाचा दुवा असेल तर तोच वापरा. मात्र पासवर्डचा मेल अनोळखी वाटला तर कोणताही दुवा न दाबता कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः जा. तिथे तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता सापडतो. खरेदीची संकेतस्थळे, समाजमाध्यमे यांसारख्या मध्यस्थ कंपन्यांना २०२१च्या नियमांनुसार तो जाहीर करावाच लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि ठरावीक मुदतीत ती निकाली काढावी लागते. तक्रारीत आलेल्या मेलची तारीख, विषय आणि ‘हा पत्ता माझा आहे, तुमचा ग्राहक मी नाही, पत्ता काढून ग्राहकाला त्याच्या मोबाईलवर कळवा’ एवढेच लिहा. त्याची बिले जोडू नका. शाळेचा मेल असेल तर शाळेला फोन करून सांगितले की काम होते, कारण पालकाचा मोबाईल शाळेकडे असतोच.

त्या गृहस्थाचे काम तुमच्यापेक्षा अवघड आहे. खरेदीच्या ॲपमध्ये पॅन नसतो, केवायसी नसते, तिथे ईमेल म्हणजेच किल्ली. त्याच्या फोनवर ॲप अजून उघडे असेल तर त्याने बाहेर न पडता आधी मोबाईल क्रमांक पडताळून घ्यावा आणि मग ईमेल बदलावा. बदलाचा कोड जुन्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्याकडे येणार असेल, तर तो मोबाईलवर मागवायचा पर्याय शोधावा. ॲपमधून आधीच बाहेर पडला असेल तर ऑर्डरचे क्रमांक आणि पैसे भरल्याचे यूपीआय किंवा कार्डाचे संदर्भ क्रमांक घेऊन तक्रार अधिकाऱ्याकडे जावे लागेल. पैसे कुणाच्या खात्यातून गेले हे फक्त खऱ्या ग्राहकालाच दाखवता येते. तो कोड तुमच्या पेटीत आला आणि कुणी फोन करून मागितला, तर देऊ नका. फोन करणारा तोच गृहस्थ आहे हे तुम्हाला फोनवर कळणार नाही.