तोच गेम पुन्हा घ्यावा का?

प्रश्न: माझ्याकडे ‘द लास्ट ऑफ अस’ची पीएस४ची डिस्क आहे. आता ‘पार्ट १’ घ्यावा का?

उत्तर: मूळ गेम २०१३चा, पीएस३साठीचा. तुमची २०१४ची डिस्क म्हणजे रीमास्टर: गेम तोच, चित्र अधिक स्पष्ट आणि हालचाल सफाईदार. २०२२चा ‘पार्ट १’ हा रीमेक. त्यात चेहरे, प्रकाश, शत्रूंचं वागणं नव्याने घडवलंय; कथा मात्र तीच आणि मल्टिप्लेअर वगळलेला. २०२३मध्ये हाच रीमेक संगणकावर आला, ते पोर्ट. सुरुवातीला तो अडखळायचा, मध्येच बंद पडायचा. दुरुस्त्या नंतर आल्या. म्हणून पोर्ट घेताना ताजे अभिप्राय वाचा.

तुमची डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५वरही चालते. कथाच पुन्हा अनुभवायची असेल, तर ती पुरेशी आहे. नवं रूपच पाहायचं असेल, तर सवलतीची वाट पाहून रीमेक घ्या.