उंदराचं औषध पोटात गेलं तर

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाच्या ओठांना उंदीर मारायची पेस्ट लागलेली दिसली. अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी करवावी का?
– एक आई, दौलताबाद

उत्तर : मुळीच नाही. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंड पुसा, हात धुवा. दूध-तूपही देऊ नका. पेस्टमध्ये बहुधा पिवळा फॉस्फरस असतो आणि तो स्निग्ध पदार्थांबरोबर जास्त शोषला जातो. लगेच १०८ ला फोन करून घाटी रुग्णालय गाठा.

ट्यूब सोबत न्या. किती आणि कधी खाल्लं, मुलाचं वजन किती, हे डॉक्टरांना सांगा. विषाचं नाव कळणं फार गरजेचं आहे : ब्रोमॅडिओलोनच्या वडीवर व्हिटॅमिन के चालतं, फॉस्फरसवर नेमका उतारा नाही. त्यात एक-दोन दिवस मूल बरं दिसतं, मग यकृत बिघडतं.

मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नका.