शब्द बदलले, तरी नक्कल कशी?

प्रश्न : मी मोखाड्याची. जव्हारच्या कॉलेजात एम. ए. करते. जव्हार संस्थानाच्या स्थापनेवर प्रकल्प लिहिला. एका पुस्तिकेचा आधार घेतला, पण एकही वाक्य जसंच्या तसं उचललं नाही, जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला. सॉफ्टवेअरनेही फारसं काही पकडलं नाही. तरीही बाईंनी समासात ‘ही नक्कल आहे’ असं लिहिलं. मग स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हणजे नेमकं काय?

उत्तर : तुमची पानं मी पाहिलेली नाहीत, पण दुखणं ओळखीचं वाटतं. तुमच्याच विषयावरचा एक उतारा घेऊ. कुणाच्या पुस्तकाला हात लावायला नको म्हणून तो मीच रचला आहे. जयबा मुकण्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून भलामोठा मुलूख वेढला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. समजा, तिच्याविषयी पुस्तिकेत असं लिहिलंय :

‘कातड्याची गोष्ट खरी मानायची गरज नाही, कारण तीच गोष्ट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज नगराबद्दलही सांगतात. पण ती जव्हारला चिकटली, यालाच अर्थ आहे. ज्या राज्याकडे सैन्य थोडं आणि डोंगर पुष्कळ, त्याला बळापेक्षा युक्तीची जन्मकथा शोभून दिसते. शिवाय या गोष्टीत जमीन हिसकावलेली नाही, मागून घेतलेली आहे.’

आता विद्यार्थ्याच्या वहीतलं बघा :

‘चामड्याची कथा सत्य समजण्याची आवश्यकता नाही, कारण हीच कथा आफ्रिकेच्या तटावरील कार्थेज शहराविषयीही सांगितली जाते. परंतु ती जव्हारला जोडली गेली, यातच अर्थ आहे. ज्या संस्थानाजवळ फौज कमी व पर्वत भरपूर, त्याला शक्तीपेक्षा चातुर्याची उत्पत्तिकथा शोभते. तसेच या कथेत जमीन बळकावलेली नाही, नंतर घेतलेली आहे.’

बरेचसे शब्द बदलले, पण वाक्यं तेवढीच, क्रम तोच. ‘कारण’ जिथे होतं तिथेच आहे, ‘पण’च्या जागी ‘परंतु’ आलं. थोडं सैन्य आणि पुष्कळ डोंगर ही जोडी लेखकाला सुचली होती, ती नुसते कपडे बदलून इथे आली. शेवटचं वाक्य तर बघाच. ‘मागून घेतलेली’ म्हणजे मागणी करून घेतलेली. वहीत तिचं ‘नंतर घेतलेली’ झालं. अर्थ समजून लिहिणाऱ्याच्या हातून असं होत नाही. एकेक शब्द खरवडून जागी दुसरा बसवणाऱ्याकडून होतं. परीक्षकाला बहुतेकदा अशाच जागी संशय येतो.

या प्रकाराला इंग्रजीत पॅचरायटिंग म्हणतात. आपण ठिगळलेखन म्हणू. मूळ इंग्रजी शब्द रूढ केला अमेरिकेतल्या लेखन-अध्यापक रिबेका मूर हॉवर्ड यांनी, १९९०च्या दशकात. काही शब्द गाळायचे, व्याकरण थोडं हलवायचं, समानार्थी शब्द बसवायचे, अशी त्याची कृती त्यांनी सांगितली. मात्र त्यांचा रोख शिक्षेवर नव्हता. विषय पुरता पचला नसला की शिकणारा माणूस असं लिहितो, ही एक पायरी आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धं पटतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला वही परत देऊन पुन्हा लिहायला सांगावं. एम. ए.च्या प्रकल्पात आणि त्यापुढे प्रबंधात मात्र ती नक्कलच धरावी.

त्याच उताऱ्याचं खरं पुनर्कथन साधारण असं होईल : ‘जव्हारचा मुलूख डोंगराळ आणि फौज तुटपुंजी. म्हणूनच लढाईने नव्हे, तर हुशारीने आणि मागणी करून राज्य मिळवल्याची आख्यायिका इथे टिकली, असं पुस्तिकाकार सुचवतात. कार्थेजबद्दलही ती सांगितली जात असल्याने ते तिला इतिहास मानत नाहीत.’ इथे मुद्दे सगळे आले, पण मांडणी उलटी झाली. निष्कर्ष आधी आणि कार्थेज शेवटी. मुख्य म्हणजे हा विचार कुणाचा, ते वाक्यातच सांगितलं.

सारांश याहून वेगळा. त्यात लांबी घटते आणि काय सोडायचं ते तुम्ही ठरवता. वरच्या चार वाक्यांचा सारांश एका ओळीत बसेल : पुस्तिकाकारांना ही कथा घटना म्हणून नव्हे, तर छोट्या राज्याने स्वतःबद्दल करून घेतलेली समजूत म्हणून महत्त्वाची वाटते. पण सारांश केला म्हणून लेखकाचं नाव गाळायची सवलत मिळत नाही. पुनर्कथनालाही नाही.

आता सॉफ्टवेअर. ते मुख्यतः सारखे शब्द सलग कुठे आले ते शोधतं. दर दोन शब्दांनी एक बदलला की साखळी तुटते आणि टक्का उतरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सलग चौदा शब्दांची सूटही आहे. ती ऐकून पुष्कळजण ‘चौदा शब्द चालतात’ असं धरून बसतात. ती सूट सर्वज्ञात माहितीला किंवा योगायोगाने जुळलेल्या शब्दांना आहे. त्याच नियमांतली वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवण्याबद्दल बोलते. कल्पना उचलली की टक्का शून्य असला तरी दोष उरतोच.

याचा सगळ्यात ठसठशीत नमुना म्हणजे भाषांतर. कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे गॅझेटियरमध्ये ही गोष्ट इंग्रजीत आहे. पिंपरीच्या देवस्थानाजवळ मिळालेला आशीर्वाद, पेठ आणि धरमपूरकडची चाल, काठेवाडातली सात वर्षं, आणि मग कातडं, असा तिचा क्रम. तो तसाच मराठीत उतरवला, तर मूळ इंग्रजी मजकुराशी एकही शब्द जुळणार नाही. पण नाव न देता उतरवला तर ती नक्कलच. गॅझेटियरचा कॉपीराइट कधीच संपलाय, तेव्हा ते छापलंत तर कुणी कोर्टात खेचणार नाही. पण कॉपीराइट हा कायद्याचा विषय, आणि हे कुणाचं ते सांगणं हा लिहिणाऱ्याच्या सचोटीचा.

मग प्रत्येक ओळीला आधार द्यायचा का? नाही. कातड्याची गोष्ट जव्हारमध्ये कुणीही सांगेल, नुसत्या गोष्टीला आधार लागत नाही. पण काठेवाडातली नेमकी सात वर्षं लिहिलीत, तर ती कुठून आली ते सांगायला हवं. तुमच्या मोखाड्याच्या बोहाड्यात कुठल्या सोंगानंतर कुठलं सोंग येतं, हे गावाला पाठ असतं. तो क्रम असाच का, याचं कारण एखाद्या जुन्या सोंगकऱ्याने तुम्हाला सांगितलं असेल, तर ते त्याचं. छापलेलं नाही म्हणून ते बेवारशी होत नाही. त्याची परवानगी घ्या, नाव द्या.

तुमच्या प्रकल्पाचं आता काय करायचं? ज्या पानांवर शेरा आहे ती बाजूला ठेवा आणि पुस्तिका मिटा. तासाभराने, विषय ठाऊक नसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं आठवेल ते लिहा. मग पुस्तिका उघडून तपासा. सनावळी चुकली असेल तर सुधारा. एखादा शब्दप्रयोग लेखकाचाच राहिला आणि तो सोडवत नसेल, तर अवतरणचिन्हांत घाला. काहीच आठवलं नाही, तर तो भाग अजून समजलेला नाही, पुन्हा वाचा.

तळटीप देताना एक करा. गॅझेटियरमधली माहिती तुम्ही पुस्तिकेतून घेतली असेल, तर पुस्तिकेचंच नाव लिहा, ‘गॅझेटियर, १८८२’ असं नको. तुम्ही गॅझेटियर उघडलेलंच नाही, आणि पुस्तिकाकारांनी ते उतरवून घेताना केलेली चूक तुमच्या नावावर पडेल.