सोळा गैरहजेऱ्यांचा हिशेब

चि. सोन्या यास,


तुझा मेसेज मिळाला. थर्मोडायनॅमिक्सचे चाळीस तास झाले, तू चोवीसला होतास, म्हणजे साठ टक्के. चाळीसचे पंच्याहत्तर टक्के तीस, म्हणून "अजून सहा लेक्चर्स बसलो की सुटलो" असं तू लिहिलंयस. दर सत्रात डिफॉल्टर लिस्ट मीच करते, आणि यादीतली निम्मी पोरं हेच सहा सांगत येतात. तू सहा तास बसशील तेव्हा झालेले तासही चाळीसवर थांबणार नाहीत, ते शेहेचाळीस होतील. शेहेचाळीसपैकी तीस म्हणजे जेमतेम पासष्ट टक्के.

हजेरी मोजण्याऐवजी गैरहजेरी मोज. इथून पुढे एकही तास बुडवला नाहीस, तर तुझ्या सोळा गैरहजेऱ्या सोळाच राहतील. पंच्याहत्तर टक्के म्हणजे एका गैरहजेरीमागे तीन हजेऱ्या. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. तुझ्याकडे चोवीस आहेत, म्हणजे अजून चोवीस हव्यात, त्याही सलग. पडताळून बघ: चोवीस अधिक चोवीस अठ्ठेचाळीस, एकूण तास चौसष्ट, बरोबर पंच्याहत्तर टक्के. सूत्रच हवं असेल तर झालेल्या तासांच्या तिपटीतून हजेरीची चौपट वजा कर. एकशेवीस वजा शहाण्णव, उत्तर तेच. उत्तर शून्य किंवा उणे आलं, तर त्या विषयात तू आज तरी सुरक्षित आहेस.

मध्ये एक तास बुडवलास तर गरज चोवीसवरून सत्तावीसवर जाते. एक तास बसलास तर मात्र एकानेच उतरते. "आज एक बंक, उद्या भरून काढू" हे म्हणून जमत नाही.

कॉलेजच्या ॲपवर दिसणाऱ्या नुसत्या टक्क्यांवरही जाऊ नकोस. दहापैकी सहा तास बसलेल्या मुलाचेही साठच टक्के, पण त्याच्या गैरहजेऱ्या चार, म्हणून सहा तासांत तो काठावर येतो. तुला चोवीस लागतात. झालेले आणि बसलेले, हे दोन्ही आकडे समोर असल्याशिवाय हिशेब करू नये. शिवाय चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा दशांश टक्के म्हणजे पंच्याहत्तर, असं आपलं आपण धरायचं नाही.

आता खरी अडचण. तूच लिहिलंयस की सत्राचे पाच आठवडे उरलेत आणि या विषयाचे आठवड्याला चार तास असतात. म्हणजे फार तर वीस तास, तेही मध्ये सुट्टी आली नाही तर. सगळे बसलास तरी साठपैकी चव्वेचाळीस, त्र्याहत्तर टक्क्यांच्या थोडं वर. साठ तासांच्या विषयात पंधरा गैरहजेऱ्या चालतात. सोळावी पडली त्याच दिवशी दार बंद झालं होतं. सत्राच्या सुरुवातीला एकूण तासांना चारने भागून तो आकडा वहीवर लिहून ठेवला असतास, तर हे तेव्हाच दिसलं असतं.

बाकीच्या विषयांत इतकं वाईट नाही. मॅथ्समध्ये छत्तीसपैकी सव्वीस, गैरहजेऱ्या दहा, हव्यात तीस, म्हणजे सलग चार तास आणि काम झालं. मटेरियल सायन्समध्ये बत्तीसपैकी सत्तावीस आहेत. तिथे उलटा हिशेब कर: सत्तावीसला तीनने भागलं की चालणाऱ्या गैरहजेऱ्या नऊ, त्यातल्या पाच वापरल्यास, अजून चार तास बुडाले तरी तू पंच्याहत्तरवरच राहशील. (हे वाचून त्या चार वापरून टाकशील, हे मला माहीत आहे.) मास बंकमध्ये मात्र जाऊ नकोस. सरांनी रिकाम्या वर्गात मस्टर उघडून तास झाल्याची नोंद केली, तर सगळ्यांची एकेक गैरहजेरी पडते. सरांनीच लेक्चर ऑफ दिलं तर ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

थर्मोसाठी दोनच वाटा दिसतात. पहिली, सरांना विचार, पोर्शन उरलाय का आणि जादा तास होणार आहेत का. असे चार तास मस्टरवर धरले गेले आणि तू उरलेल्या वीससह तेही बसलास, तर चौसष्ट पूर्ण होतात.

दुसरी वाट डेंग्यूची. तुला डेंग्यू झाला त्या आठवड्यातले चार तास खरोखर आजारपणात गेलेत आणि दवाखान्याचे कागद घरात आहेत. अर्ज आजच दे, डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर आलेल्या सर्टिफिकेटकडे आम्ही जरा संशयानेच बघतो. आणि सवलत कशी धरतात ते ऑफिसात नीट विचारून घे. ते चार तास हजेरीत धरले, तर तू चाळीसपैकी अठ्ठावीस, गैरहजेऱ्या बारा, म्हणजे अजून आठ तास पुरे. ते एकूण तासांतूनच वगळले, तर छत्तीसपैकी चोवीस, गैरहजेऱ्या बाराच, पण लागतील बारा तास. दोन्ही वीसच्या आत बसतं. अर्ज मंजूर होईपर्यंत मात्र सोळाच धरून चाल, आणि उत्तर लेखी घे.

तुझी,
मावशी