कानातली फडफड नाडीशी जुळवून पाहा

एका कानात मधूनच टिकटिक होते, कधी पंख फडफडल्यासारखं वाटतं, चार-दोन सेकंदांत थांबतं आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतं. हा आवाज मला चांगला परिचयाचा आहे. त्यामुळे तो ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं, हेही मला ठाऊक आहे: कानात किडा तरी शिरला असावा, पडदा तरी फाटला असावा, नाहीतर मेंदूत काहीतरी बिघडलं असावं. या तिन्ही शंका बहुतेक वेळा चुकीच्या ठरतात. आवाज किती मोठा आहे किंवा किती त्रास देतो, यावरून त्याचं गांभीर्य ठरत नाही. तो कशाच्या तालावर चालतो आणि त्याच्यासोबत आणखी काय घडतं, यावरून ते ठरतं. ही एक गोष्ट नीट तपासली, तर घाबरायचं कधी आणि निवांत राहायचं कधी, हे बऱ्याच अंशी घरबसल्या कळतं.

आधी हा आवाज कुठून येतो ते पाहू. पडद्यामागच्या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात, हे शाळेत शिकवलेलं असतं. या हाडांना दोन स्नायू जोडलेले असतात, ते मात्र सहसा सांगितलं जात नाही. त्यांपैकी स्टेपिडियस हा रिकिबीला धरून असतो. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये शरीरातला सर्वांत लहान. मोठा आवाज कानी पडला की तो दोन्ही कानांत आपोआप आखडतो आणि हाडांची साखळी थोडी ताठ करतो. त्याला आज्ञा देणारी नस म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नसच. दुसरा स्नायू टेन्सर टिंपानी. तो हातोडीला धरून असतो आणि पडदा आत ओढतो. चावताना, गिळताना आणि दचकल्यावर तो आखडतो. त्याची नस जबडा चालवणाऱ्या नसेची शाखा आहे. यांपैकी एखादा स्नायू कारण नसताना आचके देऊ लागला, की पडदा किंवा हाडं क्षणभर हलतात आणि ती हालचाल आवाज म्हणून ऐकू येते. डोळ्याची पापणी लवते तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की पापणीचं लवणं जाणवतं आणि हे लवणं ऐकू येतं, कारण ते ऐकण्याच्या यंत्रातच घडतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: इतक्या नाजूक जागी सारखे आचके बसत असतील, तर पडदा फाटणार नाही का, ऐकू येणं कमी होणार नाही का? याचं उत्तर या स्नायूंच्या रोजच्या कामातच आहे. रस्त्यावरचा भोंगा, मिक्सर, जेवणाचा घास, जांभई अशा प्रत्येक प्रसंगी ते आखडतच असतात. आचक्यातलं बळ या नेहमीच्या आखडण्याहून वेगळ्या जातीचं नसतं, फक्त वेळ चुकलेली असते. काही माणसांना तर टेन्सर टिंपानी आपल्या मर्जीनं आखडता येतो. त्यांना कानात घरघर ऐकू येते आणि त्यानं त्यांच्या कानाचं काही बिघडत नाही. शिवाय ध्वनीचं संवेदनात रूपांतर करणाऱ्या पेशी आतल्या कानात, शंखाकृती भागात असतात. हे स्नायू त्यांच्या अलीकडे, मधल्या कानात काम करतात. म्हणून नुसत्या आचक्यांनी बहिरेपण येत नाही.

आता ताल कसा तपासायचा ते सांगतो. आवाज सुरू असताना मनगटावर नाडी धरा आणि मिनिटभर दोन्ही गोष्टींकडे एकदम लक्ष द्या. प्रत्येक ठोक्याबरोबर आवाज येत असेल, तर हा लेख तुमच्या त्रासाबद्दल नाही. नाडीच्या तालावरचा आवाज बहुधा रक्तप्रवाहाशी संबंधित असतो, आणि तो साधा वाटला तरी तज्ज्ञांकडून तपासून घेतलाच पाहिजे. इथे नुसती मोजणी फसवू शकते, कारण स्नायूचे काही आचकेही मिनिटाला ६० ते १८० पर्यंत पडतात आणि नाडीचा वेगही त्याच घरात असतो. म्हणून दोन जिने भरभर चढून पुन्हा पाहा, अर्थात हृदयाचा त्रास नसेल तरच. नाडी वाढली आणि आवाजही तिच्याबरोबर वाढला, तर ते रक्ताचं काम. नाडी वाढूनही आवाज आपल्याच तालात किंवा बेताल राहिला, तर स्नायूवर संशय बळावतो. मानेवरची रक्तवाहिनी दाबून परीक्षा घेण्याचा मोह मात्र टाळावा.

समजा, पस्तिशीतली एक व्यक्ती आहे. उजव्या कानात फडफड होते, नाडीशी जुळत नाही. भांडं पडल्याचा आवाज झाला, स्वतः मोठ्यानं बोललं किंवा डोळे घट्ट मिटले की ती सुरू होते. ऐकू नीट येतं, चक्कर नाही, कानातून पाणी येत नाही, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलतो. इथे प्रत्येक बारकावा काहीतरी सांगतो. मोठ्या आवाजानं आणि डोळे मिटल्यानं फडफड सुरू होणं हे स्टेपिडियसकडे बोट दाखवतं, कारण पापण्या मिटणारी आणि स्टेपिडियस चालवणारी नस एकच. या व्यक्तीला पूर्वी चेहऱ्याचा पक्षाघात होऊन गेला असेल, तर उत्तर आणखी सोपं होतं. बरी होताना त्या नसेचे काही धागे चुकीच्या स्नायूंशी जोडले जातात आणि पापणी मिटताना कानातला स्नायूही हलतो. याउलट आवाज दात खाण्याशी, चावण्याशी किंवा जबडा दुखण्याशी जोडलेला असता, तर संशय टेन्सर टिंपानीवर गेला असता. आवाजाच्या प्रकारावरून, म्हणजे टिकटिक की घरघर यावरून, स्नायू ओळखण्याचा प्रयत्न होतो खरा, पण ती खूण फारशी भरवशाची नाही. आवाज कशानं सुरू होतो, हीच त्याहून चांगली खूण. आणि फक्त गिळताना एखादा ‘टक्’ होत असेल, तर ती बहुतेक वेळा घसा आणि कान जोडणारी युस्टेशियन नलिका उघडल्याची निशाणी असते. तिथे आचक्यांचा प्रश्नच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मेंदूच्या आजारातही अशी टिकटिक होते, असं म्हणतात ना? हे अगदी खोटं नाही. मऊ टाळूचे स्नायू लयीत थरथरू लागले, तर त्याचे दोन प्रकार दिसतात. एकात युस्टेशियन नलिका उघडणारा स्नायू थरथरतो, नलिकेच्या भिंती एकमेकींपासून सुटतात आणि टिकटिक होते. ती कधीकधी शेजारच्या माणसालाही ऐकू येते. या प्रकारात मेंदूच्या तपासणीत सहसा काही सापडत नाही आणि झोपेत थरथर बहुधा थांबते. दुसऱ्या प्रकारात टाळू उचलणारा स्नायू थरथरतो. त्याचं मूळ मेंदूच्या खोडाला किंवा लहान मेंदूला झालेल्या इजेत असतं, उदाहरणार्थ पक्षाघातात. तो झोपेतही चालू राहू शकतो. पण त्यात टिकटिक सहसा ऐकूच येत नाही. रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो तोल जाणं, बोलणं अडखळणं, नजर डळमळणं अशा तक्रारी घेऊन. म्हणजे नुसती टिकटिक आहे आणि बाकी सगळं ठणठणीत आहे, तर धोकादायक प्रकाराची शक्यता उलट कमी होते. टाळू थरथरताना दिसली, किंवा वरच्यापैकी एखादं लक्षण असलं, तर मात्र एमआरआय लागतो.

तिसरी तक्रार मी वारंवार ऐकली आहे: सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून डॉक्टरांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून दिलं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आवाज अधूनमधून येतो आणि तपासणी काही मिनिटांची असते. त्या वेळी स्नायू शांत असेल, तर रिपोर्ट नॉर्मलच येणार. म्हणून ऑडिओमेट्रीबरोबर टिंपॅनोमेट्री करताना आवाज चालू असेल ती वेळ गाठावी आणि नोंद जरा लांबवायला सांगावी. पडदा हलत असेल, तर त्या आलेखात करवतीच्या दातांसारखे चढउतार उमटतात. दुसरं असं, की ताण आणि अपुरी झोप यांनी हा त्रास वाढतो, हे खरं आहे. दचकल्यावर आखडणारा स्नायू सदा सावध राहणाऱ्या माणसात जास्त चाळवणार, यात नवल नाही. पण ताणानं वाढणारा आवाज काल्पनिक ठरत नाही. मनाला शांत करणारे उपाय सुचवले, तर त्यात अपमान मानण्याचं कारण नाही.

मग करायचं काय? अनेकांना, कारण कळलं आणि कान तज्ज्ञांकडून एकदा पाहून घेतला, की आणखी काही करावं लागत नाही. आचके पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरतात. रात्री पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज ठेवला, तर टिकटिक मागे पडते. झोप भरून काढावी, चहा-कॉफी काही दिवस कमी करून फरक पडतो का ते पाहावं. फारच त्रास असेल, तर आचके कमी करणारी औषधं देतात. टाळूच्या थरथरीवर बोट्युलिनम विषाचं इंजेक्शन देतात. शेवटचा पर्याय म्हणजे मधल्या कानातल्या या स्नायूंचे कंडरे कापण्याची शस्त्रक्रिया. या उपायांचा आधार मात्र थोड्या-थोड्या रुग्णांच्या नोंदींचाच आहे. म्हणून निरुपद्रवी आवाजासाठी त्यांची घाई करू नये. खरं नुकसान होतं ते घरगुती खटाटोपानं. गरम लसणीचं तेल, कानकोरणं, केसाची पिन, कापसाची काडी यांतलं काहीही पडद्यामागच्या स्नायूपर्यंत पोचत नाही. वाटेतली त्वचा आणि पडदा मात्र त्यांनी दुखावतो.

काही लक्षणं दिसली, तर मात्र थांबू नये. ऐकू येणं अचानक कमी झालं, तर त्याच दिवशी दाखवावं, कारण त्यावरच्या उपचारात दिवस मोलाचे असतात. चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, बोलणं अडखळलं किंवा तोल गेला, तर थेट इस्पितळात जावं. आवाज नाडीच्या तालावर असेल, त्याबरोबर डोकं दुखून दिसायला अंधुक होत असेल, भोवळ येत असेल किंवा कानातून स्राव येत असेल, तरीही लवकर तपासून घ्यावं. यांतलं काहीच नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना चार ओळी लिहून न्याव्यात: आवाज कोणत्या कानात, कशानं सुरू होतो, किती वेळ टिकतो आणि नाडीशी जुळतो की नाही. आवाज ऐकू येईल असं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मिळालं, तर उत्तम. तपासणीच्या त्या पाच मिनिटांत कान गप्प राहिला, तर निदान याच नोंदीवरून करावं लागतं.